गणितातली गाडी ताशी बहात्तरनेच का धावते?

शाळेच्या विज्ञानातल्या गाड्या ठरावीक वेगांनीच धावतात. ताशी ३६, ५४, ७२, ९० आणि फारच घाई असेल तर १०८ किलोमीटर. रस्त्यावरची गाडी साठने जाते, ऐंशीने जाते, पण गणितातली गाडी बहात्तरला चिकटलेली असते. नववीच्या ‘गतीचे नियम’ या प्रकरणाचा सराव करणाऱ्या मुलांनी हे आकडे इतक्या वेळा पाहिलेले असतात की ते येतात कुठून, हे विचारायचेच राहून जाते.

उत्तर अठराच्या पाढ्यात आहे. एका किलोमीटरमध्ये १००० मीटर आणि एका तासात ३६०० सेकंद. त्यामुळे ताशी किलोमीटरमधला वेग मीटर प्रति सेकंदात आणायचा तर १००० ला ३६०० ने भागावे लागते, म्हणजेच ५/१८ ने गुणावे लागते. वेग अठराच्या पटीत घेतला की भागाकार सुटसुटीत होतो: ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०, ९० चे २५. साठ घेतला की १६.६७ येतात आणि मुलाचा अर्धा वेळ दशांश चिन्ह सांभाळण्यात जातो. बहात्तर हा आकडा गणित काढणाऱ्याने सोडवणाऱ्यावर केलेली मेहेरबानी आहे.

पण आकडे निवडण्याचे काम एवढ्यावर संपत नाही. चाळीस मुलांच्या वर्गाला एकच गणित दिले की एक जण सोडवतो आणि बाकीचे उतरवून घेतात. म्हणून शिक्षक गणित तेच ठेवून आकडे बदलतात. इथेच गंमत सुरू होते. काही आकडे बदलले की फक्त उत्तर बदलते. काही आकडे असे असतात की ते बदलल्यावर गणितातली घटनाच वेगळी होते, आणि पाठ केलेले सूत्र बिनदिक्कत चुकीचे उत्तर देते.

आधी मूळ गणित. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा चालक ब्रेक लावतो. गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होत जातो. गाडी किती वेळात आणि किती अंतरावर थांबेल?

सोडवताना पहिली पायरी म्हणजे दिलेल्या राशी लिहून काढणे. सुरुवातीचा वेग u = २० मी/से. गाडी थांबणार आहे, म्हणून अंतिम वेग v = ०. हे शून्य गणितात आकडा म्हणून कुठेच लिहिलेले नसते, ‘थांबेल’ या क्रियापदात ते दडलेले असते. वेग कमी होतो आहे, म्हणून त्वरण ऋण: a = –५ मी/से². आता गतीच्या तीन समीकरणांपैकी कोणते घ्यायचे?

v = u + at
s = ut + ½at²
v² = u² + 2as

निवड सोपी आहे. प्रत्येक समीकरणात पाचपैकी एक राशी गैरहजर आहे. पहिल्यात अंतर नाही, दुसऱ्यात अंतिम वेग नाही, तिसऱ्यात वेळ नाही. जी राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नसेल ते उचलायचे. वेळ काढताना अंतराची गरज नाही, म्हणून पहिले समीकरण: ० = २० – ५t, म्हणून t = ४ सेकंद. अंतर काढताना वेळ बाजूला ठेवता येतो, म्हणून तिसरे: ० = ४०० – १०s, म्हणून s = ४० मीटर.

उत्तर पडताळायला चौथी वाट आहे. वेग २० वरून सरळ रेषेत शून्यावर उतरला, तेव्हा सरासरी वेग १०. चार सेकंद गुणिले दहा, चाळीस मीटर. जुळले.

आता याच गणितात फक्त वेग बदलून पाहू. ताशी ३६ ने जाणारी गाडी त्याच ब्रेकवर १०० ÷ १० = १० मीटरमध्ये थांबते. ७२ ने जाणारी ४० मीटरमध्ये, आणि १०८ ने जाणारी ९०० ÷ १० = ९० मीटरमध्ये. वेग एकपट, दुप्पट, तिप्पट. अंतर एकपट, चौपट, नऊपट. थांबायला लागणारा वेळ मात्र साध्या प्रमाणात वाढतो: २, ४, ६ सेकंद. वेग दुप्पट केला की वेळही दुप्पट होतो आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट होतो, म्हणून अंतरावर दोनदा दुपटीचा परिणाम होतो. तिसऱ्या समीकरणातला वर्ग येतो तो इथून.

सुटसुटीत आकडे सोडून रस्त्यावरचा आकडा घेतला तरी हे दिसते. ताशी ८० म्हणजे २२.२२ मी/से. त्याचा वर्ग सुमारे ४९४, भागिले १०, म्हणजे ४९.४ मीटर. ७२ च्या जागी ८० केले, काट्यावर फक्त आठचा फरक, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ साडेनऊ मीटरने लांबले. याउलट वेग ७२ च ठेवून त्वरण निम्मे केले, म्हणजे ओल्या निसरड्या रस्त्यावर ५ च्या जागी २.५ घेतले, तर अंतर सरळ दुप्पट, ८० मीटर होते. अंतराचे त्वरणाशी नाते व्यस्त प्रमाणाचे आणि वेगाशी वर्गाचे आहे. वर्गात पाच मुलांना पाच वेगवेगळे आकडे दिले आणि उत्तरे फळ्यावर एकाखाली एक लिहिली, तर हे नाते मुलांना सांगावे लागत नाही, ते डोळ्यांसमोर असते.

खऱ्या रस्त्यावर मात्र आणखी एक गोष्ट घडते, जी मूळ गणितात नव्हती. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत थोडा वेळ जातो आणि तेवढ्या वेळात गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते. गणितात हा वेळ १ सेकंद धरला, तर ताशी ७२ ची गाडी ब्रेक लागण्यापूर्वीच २० मीटर जाते. मग ब्रेकचे ४० मीटर. एकूण ६० मीटर.

असे गणित एका समीकरणात कोंबायला गेले की चुकते. गतीची ती तीन समीकरणे त्वरण कायम असेल तेव्हाच चालतात. इथे पहिल्या सेकंदात त्वरण शून्य आणि नंतर –५ आहे. म्हणून प्रवासाचे दोन तुकडे करायचे, प्रत्येकाचे वेगळे गणित मांडायचे आणि शेवटी अंतरांची बेरीज करायची. पहिल्या तुकड्याचा अंतिम वेग हाच दुसऱ्या तुकड्याचा सुरुवातीचा वेग असतो, हा दोन तुकड्यांमधला सांधा.

ब्रिटनमध्ये वाहनचालकांसाठीच्या ‘हायवे कोड’ या पुस्तिकेत थांबण्याच्या अंतराचा तक्ता असतो. तोही असाच दोन तुकड्यांत मांडलेला आहे. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेगाला विचार करण्यात जाणारे अंतर ९ मीटर आणि ब्रेकचे १४ मीटर. वेग दुप्पट करून ताशी ६० मैल घेतला तर तक्त्यात विचाराचे १८ आणि ब्रेकचे ५५ मीटर दिलेले आहेत. पहिला आकडा दुप्पट झाला, दुसरा जवळजवळ चौपट. या तक्त्यावरून उलटे गणितही करता येते. ताशी ३० मैल म्हणजे १३.४ मी/से. या वेगाचा वर्ग सुमारे १८०, भागिले १४ ची दुप्पट २८, म्हणजे ६.४ मी/से². आणि ९ मीटर भागिले १३.४ म्हणजे सुमारे ०.६७ सेकंद. तक्ता करणाऱ्यांनी ब्रेकचा जोर आणि चालकाला लागणारा वेळ किती धरला, हे दोन भागाकारांत उघड होते.

आता गणितात एक म्हैस आणू. रस्त्यात ५० मीटरवर म्हैस उभी आहे. चालकाला ब्रेक लावायला १ सेकंद लागतो आणि त्वरण पूर्वीसारखेच –५ आहे. वेग ताशी ५४ असेल, म्हणजे १५ मी/से, तर पहिल्या सेकंदात १५ मीटर आणि ब्रेकनंतर २२५ ÷ १० = २२.५ मीटर, एकूण ३७.५. गाडी म्हशीच्या साडेबारा मीटर अलीकडे थांबते.

वेग ७२ असेल तर पहिल्या सेकंदात २० मीटर गेले, उरले ३०. थांबायला तर ४० हवेत. म्हणजे धडक नक्की. आता ‘गाडी कुठे थांबेल?’ हा प्रश्नच उरत नाही, ‘म्हशीपाशी तिचा वेग किती असेल?’ असे विचारावे लागते. v² = ४०० – १० × ३० = १००, म्हणून v = १० मी/से, म्हणजे ताशी ३६. वेग ९० असेल तर पहिल्या सेकंदात २५ मीटर जातात, उरतात २५. v² = ६२५ – २५० = ३७५, v = १९.४ मी/से, म्हणजे ताशी सुमारे ७०. सुरुवातीचा वेग ७२ वरून ९० झाला, फक्त अठराने वाढला. धडकेचा वेग मात्र ३६ वरून ७० वर गेला. एकाच गणिताच्या या तीन रूपांत एक गाडी सुखरूप थांबली, दुसरी धडकली आणि तिसरी पूर्ण जोरात आदळली.

मग सुरक्षित वेगाची हद्द कोणती? एकूण अंतर बरोबर ५० यावे, म्हणून u + u²/10 = 50. हे वर्गसमीकरण सोडवले की दोन उत्तरे मिळतात: १७.९ आणि –२७.९. ऋण उत्तराचा अर्थ गाडी म्हशीकडे पाठ करून चालली होती असा होईल, आणि या गणितात तसे काही नाही. म्हणून ते सोडायचे. १७.९ मी/से म्हणजे ताशी साधारण ६४ किलोमीटर.

आतापर्यंत आकडे बदलले की प्रश्न बदलला, पण सूत्राने दगा दिला नव्हता. तो पुढच्या गणितात मिळतो. मूळ गाडी, वेग २० मी/से, त्वरण –५. प्रश्न असा: ब्रेक लावल्यानंतर ३ सेकंदांत गाडी किती अंतर जाईल? दुसऱ्या समीकरणात आकडे घालायचे: २० × ३ – २.५ × ९ = ६० – २२.५ = ३७.५ मीटर. बरोबर. आता दुसऱ्या मुलाला वेगळा आकडा द्यायचा म्हणून शिक्षकाने ३ च्या जागी ६ सेकंद घातले. २० × ६ – २.५ × ३६ = १२० – ९० = ३० मीटर.

हे उत्तर चूक आहे, आणि ते चूक असल्याचे उत्तरातच दिसते. तीन सेकंदांत ३७.५ मीटर गेलेली गाडी सहा सेकंदांत फक्त ३० मीटरवर कशी? पहिले समीकरण लावले तर आणखी उघड होते: v = २० – ३० = –१०. म्हणजे ब्रेक लावलेली गाडी मागे पळायला लागली! प्रत्यक्षात ती चौथ्या सेकंदाला ४० मीटरवर थांबली आणि उरलेले दोन सेकंद तिथेच उभी राहिली. खरे उत्तर ४० मीटर. समीकरणाला गाडी थांबल्याचे कळत नाही, ते त्वरण –५ धरून पुढे चालतच राहते. म्हणून ब्रेकच्या गणितात वेळ दिलेला असला, तरी आधी थांबायला लागणारा वेळ काढायचा आणि दिलेला वेळ त्यापेक्षा जास्त तर नाही ना, हे पाहायचे.

पण म्हणून ऋण वेग दिसला की गणित चुकले, असा नियम करून चालत नाही. एक चेंडू २० मी/से वेगाने सरळ वर फेकला आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मी/से² धरले, तर ३ सेकंदांनी तो कुठे असेल? s = २० × ३ – ५ × ९ = १५ मीटर. वेग २० – ३० = –१०. इथेही वेग ऋण, पण ही उत्तरे खरी आहेत. चेंडू दुसऱ्या सेकंदाला २० मीटर उंचीवर क्षणभर थांबला आणि परत खाली निघाला, तिसऱ्या सेकंदाला तो जमिनीपासून १५ मीटरवर आहे. त्याचे विस्थापन १५ मीटर, कापलेले अंतर मात्र २० अधिक ५, म्हणजे २५ मीटर. अंतर आणि विस्थापन यांच्या व्याख्या पाठ असूनही ज्यांना फरक जाणवत नाही, त्यांना तो या एका गणितात दिसतो.

गाडी आणि चेंडू यांची समीकरणे सारखीच, मग एकात ऋण वेग खोटा आणि दुसऱ्यात खरा का? फरक बलात आहे. ब्रेक आणि रस्त्याचे घर्षण गाडीला थांबवू शकतात, उलटे ढकलू शकत नाहीत. गाडी थांबली की ते त्वरण संपते. गुरुत्वाकर्षण मात्र चेंडू थांबलेला असतानाही त्याला खाली ओढतच असते.

म्हणून वर्गासाठी गणितांचा संच करणारे अनुभवी शिक्षक आकडे उलट्या दिशेने ठरवतात. आधी त्वरण आणि थांबायचा वेळ घ्यायचा, त्यांच्या गुणाकारातून सुरुवातीचा वेग काढायचा. त्वरण ३ आणि वेळ ५ सेकंद घेतला की वेग १५ मी/से, म्हणजे ताशी ५४, आणि अंतर ३७.५ मीटर. त्वरण ५ आणि वेळ ५ घेतला की ताशी ९० आणि ६२.५ मीटर. त्वरण २.५ आणि वेळ ४ घेतला की ताशी ३६ आणि २० मीटर. सगळी उत्तरे सुटसुटीत, सगळी वेगळी आणि सगळी रस्त्यावर घडू शकणारी.

हे शेवटचे सहज विसरले जाते. ताशी १०८ ने जाणारी गाडी १ सेकंदात थांबवणारे गणित लिहायला काहीच लागत नाही. पण त्यात त्वरण ३० मी/से² निघते, गुरुत्व त्वरणाच्या तिप्पट. कोरड्या डांबरी रस्त्यावर साध्या मोटारीचे ब्रेक जोरात दाबले तर ७–८ मी/से² च्या आसपास त्वरण मिळते, कारण टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण त्यापलीकडे फारसे जात नाही. तीस मिळवायचे तर ब्रेक पुरत नाहीत, भिंत लागते.

समीकरणांची आणखी एक मर्यादा धावपटूच्या गणितात उघडी पडते. २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. सरासरी वेग १०.४४ मी/से, म्हणजे ताशी ३७.६ किलोमीटर. इथपर्यंत ठीक. पण गणितात ‘तो विरामावस्थेतून एकसमान त्वरणाने धावला’ असे लिहिले, की दुसऱ्या समीकरणावरून त्वरण २ × १०० ÷ ९१.८ = २.१८ मी/से² येते आणि अंतिम रेषेवर वेग २.१८ × ९.५८ = २०.९ मी/से. ताशी ७५! बोल्ट कितीही वेगवान असला, तरी शहरातल्या मोटारीला मागे टाकून गेला नव्हता.

आकडेमोडीत चूक नाही, ‘एकसमान त्वरण’ ही अट खोटी आहे. त्या शर्यतीचे दर २० मीटरचे वेळ नोंदलेले आहेत: २.८९, १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६ सेकंद. सुरुवातीच्या २.८९ मध्ये इशारा ऐकून निघेपर्यंत गेलेले ०.१४६ सेकंदही धरलेले आहेत. पाच मुलांनी एकेक टप्पा घेऊन २० ला भागले, की सरासरी वेग मिळतात: ६.९, ११.४, १२.०, १२.४ आणि १२.० मी/से. वेगातली मोठी वाढ पहिल्या चाळीस मीटरमध्येच झालेली दिसते, त्यानंतर वाढ थोडी-थोडी आहे, आणि शेवटच्या वीस मीटरमध्ये विश्वविक्रम करणाऱ्या धावपटूचे त्वरणही ऋण झालेले आहे.